रिकाम्या जागेच्या आधीचं वाक्य

वाचकाचं पत्र

मी इंग्रजी व्याकरणाच्या बहुपर्यायी परीक्षेची तयारी करते आहे. बाकीचे काळ जमतात, पण भविष्यातल्या बेतांचा प्रश्न आला की ‘विल’, ‘गोइंग टु’ आणि प्रेझेंट कंटिन्युअस यांत हमखास घोटाळा होतो. मी एक तक्ता पाठ केला आहे: नक्की घडणार असेल तर ‘विल’, लवकर घडणार असेल तर ‘गोइंग टु’, आणि ‘टुमॉरो’ किंवा ‘टुनाइट’ दिसलं की प्रेझेंट कंटिन्युअस. तरी निम्मी उत्तरं चुकतात. मैत्रीण म्हणते, बोलताना तिन्ही चालतात, कानाला बरं वाटेल ते निवड आणि पुढे जा. तक्ता अजून घोटू की कानावर विसंबू?

उत्तर

तक्ता आणखी घोटू नका. तुमच्या पाठांतरात काहीच उणं नाही, पण त्या तक्त्यातले तिन्ही नियम भलत्याच गोष्टीकडे बघायला लावतात. घटना किती लांब आहे आणि किती नक्की आहे, एवढंच ते विचारतात. प्रश्न काढणाऱ्याला मात्र वेगळं तपासायचं असतं: बोलणाऱ्याने हे केव्हा ठरवलं, आणि ठरवल्यावर त्याची व्यवस्था कुठवर झाली आहे?

तक्त्यातला एकेक नियम तपासून बघा. सहा वर्षांचं मूल म्हणतं, “आय अ‍ॅम गोइंग टु बी अ पायलट.” घटना वीस वर्षं लांब आहे, तरी वाक्य बिनचूक आहे, कारण मुलाने मनाशी ठरवून टाकलं आहे. दुसरीकडे, “आय विल प्रॉबॅब्ली कम” या वाक्यात नक्की असं काहीच नाही, तरी ‘विल’ अगदी योग्य बसतं. आणि ‘टुमॉरो’ हा शब्द तर तिन्ही रचनांबरोबर सुखाने नांदतो. म्हणून ‘टुमॉरो’ पाहून उत्तर ठरवलं, तर चार पर्यायांतले तीन समोर तसेच उभे राहतात.

मग उत्तर कुठे असतं? बहुतेक वेळा रिकाम्या जागेच्या आधीच्या वाक्यात. ते वाक्य शोभेसाठी दिलेलं नसतं. बाकीचे पर्याय बाद करण्यासाठी प्रश्न काढणाऱ्याने ते मुद्दाम लिहिलेलं असतं. एकच प्रसंग घेऊन हे सावकाश बघू. कार्यालयात प्रिंटरची शाई संपली आहे. एक सहकारी सांगतो, “द प्रिंटर इज आउट ऑफ इंक.” दुसरा उत्तर देतो:

“इज इट? आय ___ सम नाऊ.”

पर्याय: ऑर्डर, विल ऑर्डर, अ‍ॅम गोइंग टु ऑर्डर, ऑर्डर्ड.

इथे सगळी गंमत “इज इट?” या दोन शब्दांत आहे. “हो का?” असं विचारणाऱ्याला शाई संपल्याचं आत्ता या क्षणी कळलं. जे माहीतच नव्हतं, त्याबद्दल आधी काही ठरवलेलं असणं शक्य नाही. निर्णय बोलता बोलता झाला, म्हणून ‘विल ऑर्डर’. आता तोच प्रसंग, तेच पहिलं वाक्य, फक्त उत्तराची सुरुवात बदलू:

“येस, आय नो. आय ___ सम आफ्टर लंच.”

या माणसाला आधीच ठाऊक होतं, त्याने विचार केला होता आणि जेवणानंतर मागवायचं असं ठरवलंही होतं. तो आपला जुना निर्णय फक्त कळवतो आहे. म्हणून ‘अ‍ॅम गोइंग टु ऑर्डर’. दोन्ही उत्तरांत घटना साधारण तितकीच जवळ आहे आणि दोघेही सारखेच ठाम आहेत. बदललं आहे ते फक्त ठरवण्याचं स्थान: एकाने आत्ता ठरवलं, दुसऱ्याने मघाशीच. आणि आता तिसरं उत्तर:

“डोंट वरी. आय कॉल्ड द शॉप. दे ___ सम अ‍ॅट फाइव्ह.”

दुकानाला फोन झाला, दुकानदाराने होकार दिला, वेळ ठरली. गोष्ट एका माणसाच्या मनातून बाहेर पडून दोन पक्षांमधली बोली झाली आहे. अशा वेळी प्रेझेंट कंटिन्युअस येतो: ‘आर डिलिव्हरिंग’. म्हणजे एकाच शाईच्या तीन पायऱ्या झाल्या. सुचलं तेव्हा ‘विल’, ठरवून ठेवलं तेव्हा ‘गोइंग टु’, आणि दुसऱ्याशी बोलून वेळ पक्की केली तेव्हा प्रेझेंट कंटिन्युअस. बेतांच्या प्रश्नांत मी विद्यार्थ्यांना एवढंच विचारायला सांगते की हा बेत कोणत्या पायरीवर उभा आहे.

पहिल्या पायरीच्या खुणा ओळखायला सोप्या असतात. “ओह”, “रिअली?”, “वेट”, “ऑल राइट देन” असे शब्द, दाराची घंटा वाजणं, कुणाच्या हातातलं सामान जड असल्याचं दिसणं. थोडक्यात, बोलणाऱ्यासमोर काहीतरी नवं आलेलं असतं. कुणाला मदत देऊ करणं आणि वचन देणं हेही याच घरचं आहे: “दॅट लुक्स हेवी. आय विल कॅरी इट,” किंवा “आय वोंट टेल एनिवन, आय प्रॉमिस.” वचन कुणी आठवडाभर विचार करून दिलं तरी देताना ‘विल’च येतं, एवढं लक्षात असू द्या.

दुसऱ्या पायरीची खूण बहुतेकदा एखाद्या कृतीत लपलेली असते, आणि विद्यार्थी ती हमखास वाचून सोडून देतात. उदाहरणार्थ: “व्हाय आर यू मूव्हिंग द फर्निचर?” “आय ___ द वॉल्स.” इथे ‘ओह’ नाही, ‘येस, आय नो’ नाही, ‘टुमॉरो’सुद्धा नाही. पण टेबल-खुर्च्या हलवणं सुरू झालेलं आहे. तयारी चालू आहे याचा अर्थ निर्णय आधी झाला आहे. म्हणून ‘अ‍ॅम गोइंग टु पेंट’. ‘विल पेंट’ निवडलंत, तर सामान हलवून झाल्यावर आत्ता कुठे रंगवायचं सुचलं, असा विचित्र अर्थ होतो. आणि ‘अ‍ॅम पेंटिंग’ का नको? कारण रंग अजून हातात घेतलेला नाही आणि पुढची वेळही कुठे दिलेली नाही. वेळेशिवाय ‘अ‍ॅम पेंटिंग’ वाचलं की ‘आत्ता रंगवतो आहे’ हाच अर्थ मनात येतो.

‘टुमॉरो’चं खरं काम इथे आहे, आणि म्हणूनच तुमचा तिसरा नियम अर्धा खरा वाटत राहतो. प्रेझेंट कंटिन्युअसचं मूळ काम आत्ता चाललेली क्रिया सांगणं हे आहे. त्याला भविष्याकडे वळवायचं, तर वाक्यात किंवा आधीच्या संवादात पुढची वेळ दिसावी लागते. म्हणजे त्या रचनेला वेळेच्या शब्दाची गरज असते, पण वेळेच्या शब्दाला त्या रचनेची गरज नसते. “कॅन वी मीट ऑन फ्रायडे?” “सॉरी, आय ___ द डेंटिस्ट अ‍ॅट फोर” या प्रश्नात ‘अ‍ॅम सीइंग’ येतं. शुक्रवार आणि चार वाजता हे शब्द त्याला भविष्यात नेतात, पण त्याला योग्य ठरवतं ते दंतवैद्याकडे वेळ घेतलेली असणं. भेटणं, येणं, जाणं, निघणं, राहायला जाणं, लग्न करणं अशा क्रियापदांबरोबर ही रचना जास्त दिसते, कारण या गोष्टी सहसा कुणाशी तरी ठरवून होतात.

आता तुमच्या मैत्रिणीचं म्हणणं. बोलताना तिन्ही चालतात, हे सरसकट खरं नाही. दाराची घंटा वाजल्यावर “आय अ‍ॅम गोइंग टु ओपन इट” म्हणणारा माणूस ऐकणाऱ्याला चमत्कारिक वाटेल. पण दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीपुरतं ती बरोबर आहे. “आय अ‍ॅम मीटिंग हर ॲट सिक्स” आणि “आय अ‍ॅम गोइंग टु मीट हर ॲट सिक्स” या दोन्ही वाक्यांत चूक काढता येत नाही. म्हणून जाणता प्रश्नकर्ता हे दोन पर्याय एकत्र ठेवायचं टाळतो, आणि ठेवलेच तर त्यांतला एक दुसऱ्या कारणाने मोडेल अशी सोय करतो. कधी ‘आर’च्या जागी ‘इज’ टाकलेलं असतं, कधी ‘गोइंग टु मीटिंग’ अशी फसवी जोड असते. ‘गोइंग टु’नंतर क्रियापद मूळ रूपातच येतं. म्हणून असे दोन्ही पर्याय दिसले की अर्थाशी झगडण्याआधी रूप तपासा. दोन्ही रूपं धडधाकट असतील, तर वाक्यात दुसरा माणूस आणि नेमकी वेळ आहे का ते बघा. दोन्ही असतील तर प्रेझेंट कंटिन्युअस, नुसता मनातला बेत असेल तर ‘गोइंग टु’. तरीही उत्तर डळमळीत राहिलं, तर तो दोष प्रश्नाचा आहे. तिथे दोन मिनिटं घालवू नका.

रूपाचा विषय निघालाच आहे, तर आणखी एक फसवणूक सांगते. “शी इज गोइंग टु द लायब्ररी” यात ‘गोइंग टु’ ही जोडी दिसते, पण ही भविष्याची रचना नव्हे. इथे ‘टु’नंतर ठिकाण आलं आहे, म्हणजे हे ‘गो’चं साधं प्रेझेंट कंटिन्युअस आहे. ‘टु’नंतर क्रियापद असेल तरच ती आपली रचना.

कानावर विसंबण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. ज्याने इंग्रजी भरपूर ऐकलं-वाचलं आहे त्याचा कान चांगली साक्ष देतो. पण आपल्यापैकी बहुतेकांचा कान वाक्य आधी मराठीत ऐकतो, आणि याच तीन रचनांच्या बाबतीत मराठी आपल्याला आडवाटेला नेते. दाराची घंटा वाजली की आपण म्हणतो, “थांब, मी उघडते.” क्रियापद वर्तमानकाळी दिसतं, त्यामुळे ‘आय ओपन’ किंवा ‘आय अ‍ॅम ओपनिंग’ हे पर्याय कानाला गोड लागतात, आणि बरोबर असलेलं ‘आय विल ओपन इट’ उगाच लांबचं वाटतं. उलट ‘पाऊस पडणार’, ‘मी जाणार’, ‘ती वीस वर्षांची होणार’ या सगळ्यांना आपण एकच ‘-णार’ लावतो, आणि इंग्रजीत त्यांची उत्तरं वेगवेगळी निघू शकतात. म्हणून या प्रश्नांपुरतं भाषांतर बाजूला ठेवा आणि पायरी शोधा.

वरचा पाऊस आणि वय यांच्याकडे मात्र पायऱ्यांच्या हिशेबाने बघता येत नाही. ज्यात कुणाचा बेतच नसतो, अशा भाकितांचे प्रश्नही याच पर्यायांसह येतात. तिथे सगळ्यात आधी प्रेझेंट कंटिन्युअस खोडून टाका. पाऊस कुणाशी वेळ ठरवून पडत नाही, म्हणून ‘इट इज रेनिंग टुमॉरो’ चुकीचं. उरलेल्या दोघांत पुरावा शोधा. “दे आर फाइव्ह गोल्स डाउन, अँड देअर आर ओन्ली टू मिनिट्स लेफ्ट. दे ___.” पर्याय: लूज, आर लूजिंग, विल लूज, आर गोइंग टु लूज. ‘आर लूजिंग’ इथे सापळा आहे. ते आत्ता हरत आहेत हे खरंच आहे, पण ते वाक्याने आधीच सांगून टाकलं आहे. रिकाम्या जागेत पुढचा निकाल हवा आहे आणि तो समोरच्या फलकावरून दिसतो आहे, म्हणून ‘आर गोइंग टु लूज’. याउलट स्पर्धा सुरू व्हायच्या आधी कुणी म्हटलं, “आय थिंक दे ___ द कप धिस इयर,” तर तो नुसता अंदाज आहे. समोर पुरावा नाही, म्हणून ‘विल विन’.

‘आय थिंक’ दिसलं की डोळे झाकून ‘विल’, असा नवा नियम मात्र करून घेऊ नका. “लुक अ‍ॅट धिस ट्रॅफिक! आय थिंक वी ___ लेट.” इथे ‘थिंक’ आहे, पण आधीचं वाक्य रस्त्याकडे बोट दाखवतं आहे. पुरावा डोळ्यांसमोर आहे, म्हणून ‘आर गोइंग टु बी’. खूणशब्द आणि प्रसंग यांचं भांडण झालं, तर प्रसंगाच्या बाजूने जा. वयासारख्या गोष्टीत बेत नाही आणि अंदाजही नाही, तिथे साधं ‘विल’ पुरतं: “शी विल बी ट्वेंटी नेक्स्ट मंथ.” आणि गाडी, विमान, वर्ग यांच्या छापील वेळापत्रकाला साधा वर्तमानकाळ: “द ट्रेन लीव्ह्ज अ‍ॅट सिक्स.”

साध्या वर्तमानकाळाचा एक सापळा याहून महत्त्वाचा आहे, कारण त्यात तिन्ही रचना एकदमच चुकीच्या ठरतात. “आय विल कॉल यू व्हेन शी ___.” पर्याय: विल अराइव्ह, इज गोइंग टु अराइव्ह, इज अराइव्हिंग, अराइव्ज. अर्थ भविष्याचा आहे, आणि पहिले तीन पर्याय आपल्या ओळखीचे. पण ‘व्हेन’, ‘इफ’, ‘बिफोर’, ‘आफ्टर’, ‘अंटिल’, ‘अ‍ॅज सून अ‍ॅज’ यांनी सुरू होणारं उपवाक्य केव्हा किंवा कोणत्या अटीवर हे सांगत असेल, तर त्यात भविष्यासाठी साधा वर्तमानकाळच येतो. उत्तर ‘अराइव्ज’. याची उलट बाजू अशी: “आय डोंट नो व्हेन शी ___.” इथे ‘व्हेन’ आहे, पण उपवाक्य वेळ सांगत नाही. काय माहीत नाही, या प्रश्नाचं ते उत्तर आहे. म्हणून इथे ‘विल अराइव्ह’ चालतं. म्हणून ‘व्हेन’ दिसताच थांबून एक तपासणी करा: ‘व्हेन’पासूनचा तुकडा काढून त्या जागी ‘देन’ ठेवता येतो का? “आय विल कॉल यू देन” छान चालतं, म्हणून साधा वर्तमानकाळ. “आय डोंट नो देन” म्हणून त्या वाक्याचा अर्थ भरत नाही, म्हणून तिथे ‘विल’ला मज्जाव नाही.

सराव कसा करायचा, ते सांगते. रोज पन्नास प्रश्न सोडवण्यापेक्षा दहा घ्या, पण पर्याय कागदाने झाकून. आधी फक्त प्रश्न वाचा आणि समासात एकच शब्द लिहा: आत्ता, आधीच, ठरलं, पुरावा, अंदाज. तो शब्द तुम्हाला वाक्यातल्या कोणत्या तुकड्यावरून सुचला, त्याखाली रेघ मारा. रेघ मारायला तुकडाच सापडत नसेल, तर तुमचा शब्द हवेतून आला आहे असं समजा आणि पुन्हा वाचा. मगच पर्याय उघडा. सुरुवातीला एका प्रश्नाला मिनिट-दोन मिनिटं लागतील, ते लागू द्या. हात बसला की नजर आपोआप आधी त्या तुकड्याकडे जाते आणि परीक्षेत कागद झाकायची गरज उरत नाही.

आणि चुकलेल्या प्रश्नांत बरोबर उत्तर लिहून वही मिटू नका. तुम्ही निवडलेला चुकीचा पर्याय बरोबर ठरेल असं नवं आधीचं वाक्य स्वतः लिहून बघा. समजा, फर्निचरच्या प्रश्नात तुम्ही ‘विल पेंट’ निवडलं होतं. ते योग्य ठरायला आधी काय यायला हवं? “दीज वॉल्स लुक डर्टी.” “ओह, यू आर राइट. आय विल पेंट देम.” ‘अ‍ॅम पेंटिंग’ निवडलं असेल, तर आधी रविवार आणि मदतीला येणारा मित्र आणावा लागेल: “आर यू फ्री ऑन संडे?” “नो, आय अ‍ॅम पेंटिंग द वॉल्स विथ अ फ्रेंड.” हे काम थोडं कंटाळवाणं आहे, पण यात तुम्ही प्रश्न काढणाऱ्याच्या खुर्चीत बसता आणि त्याने आधीचं वाक्य कशासाठी लिहिलं असतं ते दिसू लागतं. तुमच्या जुन्या सराव-चाचण्यांमधले चुकलेले प्रश्न काढा आणि पहिल्या आठवड्यात नवे प्रश्न न घेता फक्त त्यांच्यावर हे करा.